ओटीपी कोणाकोणाला दिसतो?

नमस्कार मंडळी! आईसाठी मी फोनच्या प्रायव्हसी सेटिंग्जचा बारा मिनिटांचा व्हिडिओ केला होता, आणि तो तिने तिसऱ्या मिनिटाला थांबवला. म्हणाली, "अगं, एवढं एकदम कसं लक्षात राहील?" मग परत केला, एका तुकड्यात एकच सेटिंग, आणि सगळं एकाच प्रश्नाभोवती: आईला आलेला ओटीपी तिच्याशिवाय कोणाला दिसतो?

पहिला तुकडा लॉक स्क्रीनचा. तिचा अँड्रॉइड फोन ओट्यावर लॉक करून ठेवला आणि माझ्या फोनवरून तिला एक खोटा ओटीपी पाठवला, सहाही आकडे कुलूप न उघडता वाचता आले, आई बघतच राहिली. हे आधी दाखवायचं, सेटिंग नंतर. सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, त्यात लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवायचा पर्याय. परत मेसेज पाठवला तर मेसेज आलाय एवढंच दिसलं. फोनला पिन किंवा पॅटर्न नसेल तर मात्र याचा काही उपयोग नाही. आणि आता सिलिंडरवाला दारात कोड मागतो तेव्हा आईला फोन उघडून बघावा लागतो, एवढा त्रास आहेच.

दुसरा तुकडा एसएमएसच्या परवानगीचा, कारण लॉक स्क्रीन झाकली तरी ज्या अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी दिलीय ते आतून वाचतंच. सेटिंग्जमधे प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, एसएमएस. आईच्या यादीत एक फोटो सजवायचं अ‍ॅप निघालं! त्याला मेसेज कशाला हवेत? 'डोन्ट अलाऊ' केलं. मेसेजचं अ‍ॅप आणि यूपीआयचं अ‍ॅप यांना हात लावला नाही, यूपीआयला नंबर तपासायला एसएमएस लागतो.

तिसरा, 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स'. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जी फाइल येते आणि जिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं, आणि ते आत गेलं की पहिल्यांदा एसएमएसचीच परवानगी मागू शकतं. म्हणून अ‍ॅप्सच्या स्पेशल अ‍ॅक्सेसमधे जाऊन व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढचं बटण बंद. आधीच शिरलेलं अ‍ॅप याने जात नाही हं, ते वेगळं काढावं लागतं.

तुम्ही घरच्यांसाठी करणार असाल तर त्यांच्याच फोनवर रेकॉर्ड करा, प्रत्येक कंपनीची नावं आणि जागा जरा वेगळ्या असतात. स्क्रीन रेकॉर्डरमधे बोट कुठे टेकतंय ते दिसेल असा पर्याय चालू करा. आणि डू नॉट डिस्टर्ब विसरू नका, माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमधे वरून बँकेचा खराखुरा मेसेज सरकत गेला होता, तो तुकडा पुसून परत करावा लागला.