खातं दादाचं, सही आईची

[दृश्य: बँकेचं काउंटर. पैसे काढायच्या स्लिपवर एक मोठा हात, पेन मुठीत घट्ट.]

हा हात दादाचा. वय वर्षं २०. पेन तो असं मुठीत धरतो, लाटणं धरावं तसं. सहीच्या जागी एक गोल काढतो, त्यात दोन ठिपके देतो आणि काउंटरपलीकडे बघून हसतो. गोल दर वेळी वेगळा येतो. त्याचं खरं नाव आपण घेणार नाही. घरात, गल्लीत सगळे दादाच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

[दृश्य: जुन्या पासबुकचं पहिलं पान, कोपरे दुमडलेले.]

हे पासबुक दादा नऊ वर्षांचा असतानाचं. खाली आईचं नाव, पालक म्हणून. सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावाशेजारी ‘अ.पा.क. आई’ लिहितात ना, अज्ञान पालनकर्ता, त्यातलाच प्रकार. आईनं सही करायची, पैसे काढायचे, नऊ वर्षं काही अडलं नाही. मग दादाचा अठरावा वाढदिवस झाला. घरी केक कापला आणि बँकेच्या दृष्टीनं त्याच दिवशी आईचा त्या खात्यावरचा हक्क संपला.

हे बहुतेक आयांना काउंटरवरच कळतं. मूल बौद्धिकदृष्ट्या अक्षम असलं तरी १८ पूर्ण झाल्यावर कायद्याच्या लेखी ते सज्ञान. आई आईच राहते, पण पालक आपोआप राहत नाही.

[दृश्य: आई बँकेच्या बाकावर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव.]

त्यानंतरचे काही महिने खातं बंद पडल्यासारखंच होतं. दादाच्या नावे येणारी मदत जमा होत होती, निघत नव्हती. या दरम्यान सल्ले मात्र भरपूर मिळाले. कुणी म्हणालं, जॉइंट करा. कुणी म्हणालं, एटीएम कार्ड घ्या आणि तुम्हीच वापरा, कोण बघतंय! वकिलाच्या दारातून आलेला सल्ला होता कुलमुखत्यारपत्राचा. पण मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळावं लागतं. दादाला ते कळत नाही, म्हणून त्याचा अंगठा घेऊन केलेला तो कागद मुळातच पोकळ.

[दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा जिना. दादा एकेक पायरी मोजत चढतोय. आई मागे.]

खरी वाट या जिन्यावरून जाते. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चार प्रकारच्या व्यक्तींना त्याचा आधार आहे. या कायद्यानं जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तीत जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती, असे तिघे बसतात. ही तिसरी खुर्ची मला फार महत्त्वाची वाटते. कोर्टात ती नसते.

[दृश्य: टेबलावर कागद मांडले जातायत. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, दोघांची आधार कार्डं, फोटो.]

अर्ज फॉर्म ए वर करायचा. आईवडील करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. पालक म्हणून कुणाला नेमावं तेही अर्जातच सुचवायचं, आणि त्या व्यक्तीची संमती जोडायची. समितीनं दोन गोष्टी बघायच्या असतात : या व्यक्तीला पालक हवा आहे का, आणि हवा असेल तर कशासाठी. हा ‘कशासाठी’ अर्जात नीट लिहावा लागतो. या आईनं पहिल्यांदा एवढंच लिहिलं होतं की ‘मी त्याची आई आहे.’ संस्थेच्या ताईंनी तिला बसवून घेतलं आणि दुसऱ्यांदा लिहून घेतलं. बँक खातं चालवणं, औषधोपचाराला संमती देणं, सरकारी मदत स्वीकारणं, असं एकेक.

[दृश्य: बंद दार. बाहेर दादा खिडकीच्या गजांमधून खालच्या दुचाक्या बघतोय.]

आत कॅमेरा नेता आला नाही.

[दृश्य: फॉर्म बी. गोल शिक्का, शाई थोडी पसरलेली. आईचं बोट नावावरून फिरतंय.]

हा फॉर्म बी, म्हणजे नियुक्तीचं प्रमाणपत्र. आई दादाची कायदेशीर पालक झाली, ती याच कागदानं. असं प्रमाणपत्र असलेल्या पालकाला खातं उघडता आणि चालवता येतं, हे रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्ये बँकांना कळवलेलं आहे. या समित्यांची माहिती शाखेत लावायलाही सांगितलेलं आहे. आम्ही गेलो त्या शाखेत भिंतीवर सोनेतारण कर्जाचं पोस्टर होतं.

[दृश्य: पासबुक छपाई यंत्र. कर्रर आवाज. नवं पान बाहेर येतं.]

खातं दादाच्याच नावावर, सही आईची. केवायसी दोघांचं. हे पैसे तिचे नाहीत, म्हणून ते तिच्या खात्यात वळवायचेही नाहीत.

[दृश्य: शंभर पानी वही. निळ्या शाईत आकडे. कॅमेरा जवळ.]

याचं कारण ही वही. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत पालकानं दादाच्या नावावर काय काय आहे आणि देणं काय आहे, याची यादी समितीला द्यायची. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, आलं किती, गेलं किती, उरलं किती, याचा हिशेब. आईनं पावत्या पिठाच्या डब्यात ठेवल्यात. वहीत लिहिलंय, ‘फिटची गोळी २१०. रिक्षा ६०. केस कापणे ८०.’ एका ओळीला दोनदा खोडलंय. ‘भेळ ३०’. आम्ही विचारलं, खोडलं का?
‘अहो, ती मी पण खाल्ली ना त्यातली.’

[दृश्य: त्याच घराची ओसरी. आजोबा आरामखुर्चीत, चष्मा कपाळावर. ते चष्मा शोधतायत.]

याच घरात हे दुसरं खातं. आजोबांचं, पेन्शनचं. हात थरथरतो म्हणून सही जुळेना, तेव्हा बँकेचे साहेब घरी आले, दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला. त्यातला एक साक्षीदार बँकेचाच जबाबदार अधिकारी लागतो. हे बरोबर चाललं, कारण तेव्हा आजोबांना कळत होतं. आता स्मृतिभ्रंश वाढलाय. सुनेला ते ‘तुम्ही कोण?’ विचारतात. अंगठा आजही उमटेल, पण त्यामागे त्यांची इच्छा आहे असं कुणी म्हणू शकत नाही. शहाणपणानं आधी करून ठेवलेलं मुखत्यारपत्रही देणाऱ्याचं भान गेलं की करार कायद्यानं संपतं.

आणि दादाची समिती आजोबांना उपयोगाची नाही. स्मृतिभ्रंश त्या चारांत बसत नाही. मानसिक आजार असलेल्यांच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयानं पालक नेमायची तरतूद १९८७ च्या कायद्यात होती. त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, त्यात ती ठेवलीच नाही. म्हणून अशी कुटुंबं उच्च न्यायालयात जातात. मुंबई उच्च न्यायालयानं अशा अर्जांवर पत्नीला, मुलांना पालक नेमलेलं आहे. वकील, वैद्यकीय तपासणी, तारखा. पेन्शन तोवर खात्यात साठत राहते.

[दृश्य: संध्याकाळ. दादाची बहीण स्कूटर लावून आत येते. आई तिच्यापुढे वही ठेवते.]

आई ५२ वर्षांची आहे. तिचं काही झालं, तर खातं पुन्हा थांबेल आणि नव्या पालकासाठी पुन्हा फॉर्म ए.

बहीण गेल्या महिन्यापासून हिशेब शिकतेय. बेरीज ती मोबाइलवर करते, आई बोटांवर. दोघींची दहा रुपयांनी चुकलीय. दादानं त्यांच्यामधून हात घालून वही ओढली, आजच्या तारखेसमोर गोल काढला, आत दोन ठिपके दिले.

[दृश्य: गोलावर कॅमेरा स्थिर. आवाज फक्त पंख्याचा.]