डब्याच्या वाटीपासून हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. गावात राहून तालुक्याच्या ऑफिसात रोज जाणारी घरं आता बरीच आहेत. सकाळी साडेआठची एसटी पकडायची तर सहाला उठून दोन डब्यांची भाजी करावी लागते. रविवारी एकदाच रांधून आठवडाभराचे डबे काढता येतात, पण त्यासाठी आधी माप नीट धरावं लागतं. आज आपण एका घराचा हिशेब पूर्ण करून पाहू. घरात ऑफिसला जाणारी माणसं दोन, सोमवार ते शुक्रवार दिवस पाच, म्हणजे डबे दहा. आणि फ्रीज बहुतेक घरी असतो तसा एका दाराचा, वर बर्फाचा लहान कप्पा असलेला.

सुरुवात रेसिपीपासून करू नका, डब्यापासून करा. डब्यातलं भाजीचं भांडं घ्या, काठापासून बोटभर जागा सोडून त्यात पाणी भरा आणि ते पाणी मापाच्या पेल्यात ओता. समजा ते २०० मिली भरलं. ही तुमच्या घरची एक वाटी. दहा डब्यांना दहा वाट्या, म्हणजे दोन लिटर भाजी. "चार माणसांची भाजी" असं म्हटलं तर प्रत्येकाची भूक वेगळी निघते, पण भांड्यात मावणारी भाजी रोज तेवढीच असते. म्हणून सगळी मोजणी शिजलेल्या भाजीच्या मिलीवर धरा.

दोन लिटर एकच भाजी केली तर बुधवारीच तिचा कंटाळा येतो. म्हणून दोन पदार्थ घेऊ. सोमवार, बुधवार, शुक्रवारला डाळभाजी, म्हणजे सहा वाट्या, १२०० मिली. मंगळवार, गुरुवारला हरभऱ्याची उसळ, चार वाट्या, ८०० मिली. दोन्ही पदार्थ बर्फात राहूनही चव धरून ठेवतात, म्हणून निवडले आहेत. आलू घातलेली भाजी या कामाला घेऊ नका. गोठून सुटलेला आलू भुसभुशीत होतो आणि त्याचं पाणी रश्श्यात उतरतं. कढी फुटते. वांग्याच्या फोडी गळून जातात, वांग्याचं भरीत मात्र चांगलं राहतं.

आता डाळभाजीचं माप सांगते, लिहून घ्या. तुरीची डाळ १५० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ ५० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम, निवडलेला पालक ३०० ग्रॅम, एक मोठा कांदा, दोन टमाटे. हरभरा डाळ आणि शेंगदाणे दोन तास भिजवा. डाळी आणि शेंगदाणे कुकरमध्ये ६०० मिली पाण्यात शिजवा. डाळीला फेस येतो, म्हणून पाण्यासकट कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, नाहीतर फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती चोंदते. तीन लिटरच्या कुकरमध्ये हे माप निर्धास्त बसतं. पालक मागाहून कढईत शिजवा.

नेहमीची भाजी वाढवताना बहुतेक चूक पाण्यात होते. तुमची रोजची डाळभाजी ८०० मिलीची असेल आणि १२०० मिलीची करायची असेल, तर डाळ, पालक, शेंगदाणे सगळं दीडपट घ्या. पाणी मात्र पूर्ण दीडपट घालू नका. वाफ होऊन जाणारं पाणी कढईच्या तोंडावर आणि उकळीच्या वेळेवर ठरतं. कढई तीच, उकळी तितकीच वेळ, मग ८०० मिलीतून जितकं पाणी उडालं तितकंच १२०० मिलीतूनही उडेल. दीडपट पाणी घातलंत तर भाजी पातळ राहते आणि डब्यातून सांडते. म्हणून पाणी थोडं हातचं राखा आणि शेवटी गरम पाण्याने बेत जुळवा. भाजी मापात १२०० मिलीच्या खाली राहिली, तर गरम पाणी घालून एक उकळी काढा. जास्त भरली तर ती रविवारी रात्रीच्या जेवणाला वाढा. डब्यांच्या वाट्या मोठ्या करू नका, गोठायला वेळ लागतो.

मीठ शिजलेल्या भाजीच्या वजनावर धरा. एक किलोला साधारण दहा ग्रॅम, म्हणजे आपल्या १२०० मिलीला चहाचे दोन सपाट चमचे. आधी दीडच घाला, चव पाहून उरलेलं. तिखट आणि तेल मात्र दीडपट करू नका. तेल कढईच्या तळाला पुरेल इतकं लागतं, आणि तिखट सव्वापटीवर थांबून चाखून वाढवा. शिवाय लसूण आणि लवंग गोठवल्यावर जास्त उग्र, कधी कडवटही लागतात, म्हणून रविवारी कांदा, टमाटे, हळद, तिखट यांच्यापुरतीच फोडणी करा. लसूण आणि लाल मिरचीची फोडणी सकाळी डबा गरम करताना द्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, तीही तेव्हाच.

उसळीला २०० ग्रॅम हरभरे रात्रभर भिजवा, ते शिजून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास होतात. दोन कांदे, दोन टमाटे आणि मसाल्याचा रस्सा मिळून ८०० मिली जुळतात. मूठभर शिजलेले हरभरे ठेचून रश्श्यात मिसळा, म्हणजे रस्सा आटोपशीर राहतो. कांदा जास्त असेल तर दोन घाण्यांत परता. एकदम ढीग घातला तर तो परतला न जाता स्वतःच्या पाण्यात उकडतो आणि उसळीला खरपूस चव येत नाही.

यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं आहे, ते म्हणजे थंड करणं. शिजवलेल्या अन्नात जंतू सर्वांत वेगाने ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे वाढतात. खोल भांड्यातली डाळभाजी वरून कोमट झाली तरी मधून तासन् तास गरम असते. ती तशीच बर्फाच्या कप्प्यात ढकलली तर आधी गोठलेल्या वाट्या सुटतात आणि हिची मधली बाजू बराच वेळ धोक्यात राहते. म्हणून भाजी पसरट परातीत काढा, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. ती परात थंड पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवा, अधूनमधून ढवळा, पाणी कोमट झालं की बदला. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच तापलेलं असतं, ते चालणार नाही. माठाचं पाणी घ्या आणि त्यात बर्फाचे तुकडे टाका. थंडीत दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात एका तासाच्या आत भाजी फ्रीजमध्ये गेली पाहिजे. हात लावून परात गार वाटली, की वाट्या भरायला घ्या.

दहाच्या दहा वाट्या गोठवायच्या नाहीत. फ्रीजचा खालचा कप्पा ५ अंश किंवा त्याहून थंड असेल, तर सोमवार आणि मंगळवारच्या चार वाट्या तिथेच ठेवा. बर्फात जातील त्या बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या सहा. एका दाराच्या फ्रीजचा कप्पा एका वेळी थोडंच गोठवू शकतो. दहा वाट्या कोंबल्या तर एकही नीट गोठत नाही आणि सकाळी वरून बर्फ, मधे लापशी असं निघतं. कप्प्याच्या भिंतीवर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फ जमला असेल, तर आधी फ्रीज बंद करून तो वितळवा. तो बर्फ थंडी आत पोहोचू देत नाही.

भांडं घट्ट झाकणाचं स्टीलचं घ्या, काचेची बाटली नको. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे काच तडकते आणि काठोकाठ भरलेल्या डबीचं झाकण वर येतं. वर एक बोट रिकामं ठेवा, म्हणजे २०० मिली भाजीला जरा मोठी डबी. अन्नासाठीच्या झिपच्या पिशव्या असतील तर आणखी चांगलं. गार भाजी भरून, हवा काढून, दोन सेंटिमीटर जाडीची आडवी पसरून ताटलीवर ठेवा. चपटी पिशवी वाटीपेक्षा लवकर गोठते आणि लवकर सुटते. दुधाची वापरलेली पिशवी या कामाला आणू नका. डबीवर वार आणि तारीख लिहा, आणि एका दाराच्या फ्रीजमधला माल दोन आठवड्यांच्या आत संपवा.

वापरताना आदल्या रात्री जेवणं झाली की दुसऱ्या दिवशीच्या दोन वाट्या बर्फातून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर सोडू नका, बाहेरची बाजू कोमट होते आणि आत बर्फ असतो. डाळभाजी सुटताना पाणी वेगळं दिसेल, घाबरू नका. कढईत दोन चमचे पाण्यासह उकळा, ढवळली की एकजीव होते. सगळीकडून बुडबुडे येऊ लागल्यावर दोन मिनिटं उकळा. एकदा गरम केलेली वाटी पुन्हा गोठवायची नाही. पोळी किंवा भाकर सकाळी ताजी करा.

उन्हाळ्यात एक मर्यादा पाळावी लागते. साध्या स्टीलच्या डब्यात भरलेली गरम भाजी दुपारी दीडपर्यंत कोमट होते, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त वेळ अशी कोमट भाजी ठेवू नये. म्हणून मार्च ते जून उष्णता धरून ठेवणाराच थर्मासचा डबा वापरा. आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवा, मग उकळती भाजी भरून लगेच झाकण लावा. असा डबा नसेल, तर त्या महिन्यांत रश्श्याऐवजी कोरडा झुणका सकाळी ताजा करून द्या.

वीज जाण्याची सोय आधीच करून ठेवा. छोट्या वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा आणि ती वाटी कप्प्यातच राहू द्या. वीज बराच वेळ गेली असेल आणि परत आल्यावर नाणं वरच असेल, तर माल गोठलेलाच राहिला होता. नाणं आत बुडालेलं दिसलं, तर मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला. मग त्या वाट्या डब्यात देऊ नका. वीज गेलेली असताना दार उघडू नका. कप्पा अर्धा रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा, त्या थंडी धरून ठेवतात. बाटल्यांमध्येही वर बोटभर जागा सोडायची आहे.