चलता है : उशिरा आलेल्या गाडीचा हिशेब

[दृश्य : नवी दिल्ली स्थानक, जानेवारीतली सकाळ. दाट धुकं. फलाटावर पथाऱ्या, ट्रंका, चहावाला.]

सकाळी आठला निघायची पूर्वेकडची गाडी आता दुपारी एकला सुटेल, असं फलकावर आलंय. फलाटावर साधारण हजार माणसं आहेत. कुणी स्टेशन मास्तरच्या खोलीकडे धावत नाही. एक बाई मुलाला शालीत गुंडाळून पुन्हा आडवी होते. शेजारचे गृहस्थ घड्याळाकडे बघतात, खांदे उडवतात आणि म्हणतात, "चलता है."

कॅमेरा घेऊन आलेला परदेशी पाहुणा ही दोन सेकंदं टिपतो आणि बहुतेक वेळा एकच अर्थ काढतो : या लोकांना वेळेची पर्वा नाही. आळशी आहेत, सोसायची सवय झालीय.

पण आधी ही गाडी का अडकली ते बघू.

[दृश्य : रुळांवरून जाणारा इंजिनाचा दिवा, पुढे फक्त पांढरा पडदा.]

डिसेंबरच्या अखेरीपासून गंगेच्या मैदानात वारा पडतो. रात्री लांब, जमीन थंड, हवेत ओल आणि धूर. धुकं जमिनीलाच चिकटून बसतं. लोको पायलटला एरवी लांबून दिसणारा सिग्नल आता अगदी जवळ आल्यावर दिसतो, आणि धावती गाडी तेवढ्या अंतरात थांबत नाही. म्हणून धुक्यात वेगाला मर्यादा असते. वर्षानुवर्षं ती ताशी 60 किलोमीटर होती. पुढचा सिग्नल किती दूर आहे ते जीपीएसवरून सांगणारं यंत्र इंजिनात आलं, तेव्हा ती 75 पर्यंत गेली.

आता हिशेब मांडू. कानपूर ते दिल्ली साधारण 440 किलोमीटर. सलग 110 च्या वेगाने धावलं तर चार तास. 60 ने धावलं तर सात तास वीस मिनिटं. म्हणजे कुणाचीही चूक नसताना या एका टप्प्यावर तीन तास वीस मिनिटं गेली. तेही पुढची लाइन मोकळी असेल तर. ती मोकळी नसते, कारण पुढच्या गाड्याही याच वेगाने सरकत असतात. शिवाय दिल्लीला उशिरा पोचलेला डब्यांचा संच, म्हणजे रेकच परत जायचा असतो. त्याची तपासणी, धुलाई, पाणी भरणं हे सगळं झाल्याशिवाय तो सुटत नाही. कालचा तिकडचा उशीर आज इकडच्या फलाटावर येऊन उभा राहतो.

[दृश्य : लाइनवर कंदील आणि पिशवी घेतलेला ट्रॅकमन.]

याच धुक्यात लाइनवर काही माणसं रात्रभर चालत असतात. थंडीत रूळ आकसतात, जोडाजवळ तडा जाऊ शकतो, म्हणून ट्रॅकमन पायी गस्त घालतात. कुठे सिग्नलच्या 270 मीटर अलीकडे रुळावर पटाखे बांधले जातात. बोलण्यात पटाखेच, कागदोपत्री डेटोनेटर. दोन, एकमेकांपासून दहा मीटरवर. चाक वर चढलं की धडाका होतो आणि इंजिनातल्या माणसाला न दिसणारा सिग्नल ऐकू येतो. एकच लावून "चलता है" म्हणायची सोय इथे नाही. दुसरा अशासाठी, की पहिला फुसका निघाला तर.

म्हणजे गाडी पाच तास उशिरा आहे, कारण कुणीतरी नियम पाळतोय. फलाटावरच्या गृहस्थांना ही कलमं ठाऊक नसतील, पण धुक्यात गाडी रेटू नये एवढं त्यांना नक्की कळतं.

दुसरा हिशेब त्यांच्या खिशातला. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर ती सुटण्याआधी अर्ज करून तिकिटाचे पूर्ण पैसे परत मागता येतात. नियम चांगला आहे. पण पैसे घेऊन जाणार कुठे? आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, गर्दीच्या दिवसांत बघता बघता भरतं. गावाकडे लग्न आहे किंवा कुणी आजारी आहे. हातातला बर्थ सोडला तर उद्याचा मिळेल याची खात्री नाही. तेव्हा थांबणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा पर्याय. आपल्याकडे अशा वेळी "चालायचंच" म्हणतात, तो सूर वेगळा नाही.

युरोपातला प्रवासी वेगळ्या व्यवस्थेतून येतो. तिथल्या नियमांनुसार गाडी तासभर उशिरा पोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा भरपाई म्हणून मागता येतो, दोन तासांनंतर अर्धं भाडं. जपानात 2017 च्या नोव्हेंबरमध्ये तोक्योजवळची एक गाडी 20 सेकंद आधी सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली. तिथे तक्रार केली की काहीतरी घडतं, म्हणून तक्रार न करणारा माणूस त्यांना निष्काळजी वाटतो. या फलाटावर आरडाओरडा केला तर घसा बसेल, धुकं उठणार नाही. आणि शेजारी शेंगदाणे पुढे करणाऱ्या माणसासोबत पुढचे अठरा तास एकाच डब्यात काढायचे आहेत, तेही डोक्यात असतं.

इथवर पाहुण्याचं चुकलं. आता त्याचं कुठे बरोबर आहे तेही सांगायला हवं, नाहीतर हे निवेदन नुसती वकिली ठरेल.

[दृश्य : रुळांच्या कडेला सिग्नलच्या तारांची लोखंडी पेटी.]

2 जून 2023. ओडिशातलं बाहानगा बाजार स्थानक. कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्ग सोडून बाजूच्या लूप लाइनवर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. 290 हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या जोडणीतलं : आधी केलेल्या फेरबदलातल्या त्रुटी, आणि अपघाताच्या दिवशी जवळच्या फाटकाच्या कामात झालेली चुकीची जोडणी. पेटीतल्या तारांवरची नावं प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हती, आणि ती दुरुस्त न होता तशीच राहिली होती. "चलता है" असं तिथे कुणी म्हटल्याची नोंद नाही. पण चुकीचं नाव बघून पेटी पुन्हा बंद करणं हे काय असतं, ते आपल्याला बरोबर ओळखता येतं.

हे दुसरं "चलता है" काम ज्याच्या हातात आहे त्याचं. पहिल्यात म्हणणारा स्वतःचा वेळ घालवतो. दुसऱ्यात म्हणणारा सुटतो आणि किंमत भलताच कुणी मोजतो. 15 ऑगस्ट 2017 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान मोदींनी "चलता है"चा जमाना गेला, असं सांगितलं, तेव्हा रोख या दुसऱ्यावर असावा. पण भाषणात दोन्ही एकाच झाडूने निघतात आणि फलाटावरची बाईही उगाच दोषी ठरते.

गुरुग्राममध्ये एखादा परदेशी व्यवस्थापक कंत्राटदाराला वाकड्या बसलेल्या फरश्या दाखवतो. उत्तर येतं, "चलता है, सर." त्याने इथे चिडावं, जरूर चिडावं. संध्याकाळी त्याचाच चालक तासभर वाहतुकीत अडकून तेच म्हणतो आणि साहेब मनात दोघांना एकाच खात्यात टाकतो. चालकाला त्याने एवढंच विचारून बघावं, "आता काय करायचं?" उत्तर तयार असतं : पुढच्या वळणावरून आतला रस्ता, तिथेही गर्दी असेल तर गाडी लावून मेट्रो, आणि घरी उशिराचा फोन मघाशीच करून झालाय. कंत्राटदाराला हाच प्रश्न विचारला, तर तो म्हणतो, "हो जाएगा."