क्रिएटिनिन १.१: रिपोर्टमध्ये नॉर्मल, पण कोणासाठी?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. वार्षिक तपासणीचा रिपोर्ट हातात आला की आपण सगळे एकच गोष्ट करतो. ठळक अक्षरात काय छापलंय ते शोधतो. ठळक काही नसलं तर रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि वर्षभर तिथेच राहतो. आज मी तुम्हाला अशा एका आकड्याबद्दल सांगणार आहे जो ठळक अक्षरात येत नाही आणि तरीही आपल्या वयात ज्याच्याकडे नीट पाहायला हवं. तो म्हणजे क्रिएटिनिन.

आधी ठळक अक्षरांबद्दल थोडंसं. रिपोर्टच्या उजव्या बाजूला जी मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी माणसांची तपासणी करून, त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे घेऊन ठरवलेली असते. म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण त्या मर्यादेच्या बाहेर असणारच. चाळीस तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एखाद-दुसरा आकडा जरासा बाहेर गेला, तर त्यावरून झोप उडवून घेऊ नका. पण मर्यादेच्या आतला प्रत्येक आकडा तुमच्यासाठी ठीकच आहे, असंही समजू नका.

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. तो रक्तात येतो आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडं मंदावली की तो रक्तात साचतो आणि आकडा वाढतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. लक्षात राहत नाही ते हे, की हा आकडा दोन गोष्टींवर अवलंबून असतो: मूत्रपिंडं किती बाहेर टाकतात आणि स्नायू किती तयार करतात. वयाबरोबर स्नायू कमी होतात. सत्तरीतल्या बारीक बाईच्या अंगात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. त्यामुळे तिची मूत्रपिंडं बरीच मंदावली तरी आकडा मर्यादेच्या आत राहू शकतो.

हे आकड्यांत पाहू. तीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंचंही १.१ आहे. अनेक लॅबच्या कागदावर दोघंही नॉर्मल. आता रिपोर्टमध्ये त्याच्याच खाली बहुतेक ठिकाणी ईजीएफआर नावाची ओळ असते. मूत्रपिंडं दर मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, याचा तो अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून तो सूत्राने काढतात. सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राने त्या तरुणाचा ईजीएफआर ९३ च्या आसपास येतो आणि त्या बाईंचा ५३. तुमच्या रिपोर्टवर ही ओळ नसेल तर लॅबमध्ये मागा. त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही.

आता याच बाईंची गोष्ट पुढे नेऊ. समजा, तीन वर्षांपूर्वी त्यांचं क्रिएटिनिन ०.८ होतं, म्हणजे ईजीएफआर ७९. आता १.१ आणि ५३. कागदावर दोन्ही वेळा कुठेच खूण नाही. वयाबरोबर ईजीएफआर वर्षाला साधारण एकाने उतरतो, त्या हिशेबाने तीन वर्षांत तीन-चारने उतरला असता. इथे सव्वीसने उतरलाय. जुना रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसूच शकत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, जुने रिपोर्ट रद्दीत देऊ नका.

अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो: गुडघ्यासाठी काही घेता का? उत्तर बहुधा असं येतं, "हो, मेडिकलमधून आणलेली गोळी, रोज एक, फार काही नाही." गोळी डायक्लोफिनॅकची निघते. त्याच बाईंना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त होण्याची गोळी, अशी जोडगोळी चालू असते. ही दोन्ही औषधं रक्तदाबासाठी चांगली आहेत. पण त्यांच्यासोबत अशी वेदनाशामक गोळी रोज गेली, की मूत्रपिंडाच्या आतला रक्ताचा दाब घसरतो आणि गाळणं मंदावतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर आणखीच. दुखत काहीच नाही, लघवी होत असते, पायाला सूज नसते. फक्त आकडा सरकतो.

इथे रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. बंद करायची ती मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवायची. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं आणि क्रिएटिनिन ०.९ वर आलं, तर ईजीएफआर ६७ होतो. म्हणजे बराचसा घसारा त्या गोळीचा होता. आकडा उतरलाच नाही, तर मात्र मूत्रपिंडाचा जुना आजार आहे का, हे पाहावं लागतं. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर त्या नावाने निदान करतात. एका रिपोर्टवर कधीच नाही.

आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लं, पाणी कमी प्यायलं, तरी आकडा थोडा वर जातो. ०.९ चा १.० झाला तर त्याकडे फारसं बघू नये, एवढा फरक एकाच माणसात असाही पडतो.

रक्ताबरोबर लघवीची एक तपासणी करून घ्या, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर. लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ते ३० च्या खाली हवं. ऐंशीतल्या माणसाचा ईजीएफआर ५५ आहे, वर्षानुवर्षं तिथेच आहे आणि लघवीत प्रथिन जात नाही, तर मी त्यांना निवांत राहा म्हणतो. ७५ ईजीएफआर असलेल्या मधुमेहींच्या लघवीत अल्ब्युमिन ३०० निघालं, तर मला त्यांची जास्त काळजी वाटते.

मधुमेहींना आणखी एक सांगतो. मेटफॉर्मिन चालू असेल आणि ईजीएफआर ४५ च्या खाली गेला, तर डोस तपासून घ्यावा लागतो; ३० च्या खाली ती गोळी थांबवतात. आणि मूत्रपिंडाच्या आजारात रक्त कमी होतं, हे माहीत असू द्या. हिमोग्लोबिन कमी असलं की तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीए१सी, फसवा असू शकतो. लोहाच्या कमतरतेत तो खरा असेल त्याहून जास्त दिसतो, नुकतंच रक्त चढवलं असेल तर सहसा कमी. म्हणून हे दोन आकडे एकत्र वाचा आणि घरच्या यंत्रावरच्या साखरेशी पडताळून पाहा.

एका काकांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: भरपूर पाणी प्यायलं तर क्रिएटिनिन उतरतं का? शरीरात पाणी कमी पडल्यामुळे वाढलं असेल, तर उतरतं. मूत्रपिंडालाच इजा झाली असेल, तर पाण्याने ती भरून येत नाही. काका, तुम्ही हृदयाच्या औषधांवर आहात आणि संध्याकाळी पाय सुजतात, असं चिठ्ठीत लिहिलंय. तुम्ही दिवसाला किती पाणी प्यायचं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असेल, तर तेवढंच प्या. ठरवून दिलं नसेल तर येत्या भेटीत विचारा, आणि जाताना मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट बरोबर न्या.