खांद्याला हात लावला म्हणजे काय? (माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: येळ्ळूरच्या शिवारात भाताची कापणी झालेलं शेत, रोलर फिरवून केलेलं पीच. मागे राजहंसगड.]

सुगी संपली की बेळगाव तालुक्यातल्या गावोगावी अशी मैदानं तयार होतात. मांडवाच्या खांबाला एक मोठा तक्ता टांगलाय. पंचांच्या हातांची चित्रं, आणि खाली मराठीत आणि कन्नडमध्ये ओळी. पहिल्यांदाच मॅच बघायला आलेल्यांसाठी तो लावलाय.

चौकार, षटकार, वाईड ही चित्रं सगळ्यांनाच ओळखता येतात. त्यात वेळ घालवायला नको. गफलत होते ती दोन ठिकाणी.

[दृश्य: तक्त्यावरची दोन चित्रं, जवळून.]

ही दोन चित्रं बघा. दोन्हीत एकच हात डोक्याच्या वर गेलाय. एकात फक्त तर्जनी वर आहे, दुसऱ्यात पंजा उघडा आहे. बोट म्हणजे बाद. पंजा म्हणजे बाय, चेंडू ना बॅटला लागला ना अंगाला, तरी धावा निघाल्या. लांबून बघताना बोटाकडे नको, वेळेकडे लक्ष द्या. बोट अपील झाल्यावर वर जातं. बायचा पंजा मात्र धावाधाव थांबून चेंडू डेड झाल्यावरच दिसतो, आणि तेव्हा पंचांचं तोंड स्कोअररच्या टेबलाकडे असतं.

आता खांदा. इथे मात्र तक्ताच कमी पडतो.

[दृश्य: खांद्याची चार चित्रं शेजारी शेजारी.]

उजव्या हाताची बोटं उजव्याच खांद्याला टेकली, तर शॉर्ट रन. म्हणजे वळताना फलंदाजाची बॅट क्रीजच्या आत टेकली नाही, ती धाव धरायची नाही. हात विरुद्ध खांद्यावर गेला, तर दंडाच्या पाच धावा. पण कुणाला? हात खांद्यावर नुसता ठेवला, तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला. तोच हात खांद्यावर थोपटत राहिला, तर फलंदाजी करणाऱ्या संघाला. कागदावर ही दोन्ही चित्रं हुबेहूब सारखी दिसतात, कारण थोपटणं चित्रात उमटत नाही. म्हणून तक्ता करणाऱ्यानं तिथे हलत्या हाताच्या दोन छोट्या रेघा काढायलाच हव्यात, आणि खाली ‘थोपटणे’ हा शब्द लिहायला हवा. आमच्या तक्त्यावर त्या रेघा नव्हत्या, त्या आम्ही नंतर लाल पेनानं काढल्या.

चौथं चित्र दोन्ही हातांचं. हातांची फुली करून दोन्ही खांद्यांना हात लावले, की मघाची खूण रद्द. चूक झाली तर पंच ती अशी उघडपणे मागे घेतात.

[दृश्य: गोलंदाज धावत येतो.]

आता एक चेंडू नीट बघूया. गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेबाहेर पडला. पंचांनी तिथल्या तिथे एक हात आडवा केला आणि ओरडले, “नो बॉल!” फलंदाजानं फटका मारायचा प्रयत्न केला, बॅट चुकली, चेंडू पॅडला लागून फाईन लेगकडे गेला. दोघं दोनदा धावले. पण पहिली धाव घेऊन वळताना स्ट्रायकरची बॅट क्रीजच्या वीतभर अलीकडेच राहिली.

चेंडू डेड झाला. पंच स्कोअररकडे वळले. आधी पुन्हा आडवा हात, नो बॉल. टेबलावरून हात वर आला. मग गुडघा उचलून त्याला हात, लेग बाय. पुन्हा टेबलावरचा हात. मग खांद्याला बोटं, शॉर्ट रन. जे ज्या क्रमानं घडलं, त्याच क्रमानं खुणा. प्रत्येक खुणेला स्कोअररचं वेगळं उत्तर आल्याशिवाय पंच पुढचा चेंडू टाकू देत नाहीत.

[दृश्य: स्कोअरबुकावर पेन.]

वहीत काय चढलं? संघाला दोन धावा. एक नो बॉलची, एक लेग बायची, कारण धावलेल्या दोनांतली एक कापली गेली. गोलंदाजाच्या नावावर नो बॉलची एकच. फलंदाजाच्या नावावर काहीच नाही. षटकातला चेंडूही मोजला गेला नाही. आणि नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न: लेग बायची धाव एकच धरली, मग स्ट्राइक का बदलली नाही? कारण दोघं प्रत्यक्षात दोनदा धावून आपापल्या जागी परत आलेत. धाव वहीतून कापली, तरी धावलेलं अंतर कापत नाहीत.

स्पर्धेत फ्री हिटचा नियम आहे, म्हणून पंचांनी हात सरळ वर करून गोल फिरवला.

[दृश्य: स्कोअररचं टेबल. एक पोरगा कन्नडमध्ये आकडा सांगतो, शेजारची मुलगी मराठीत लिहिते.]

या टेबलावर दोघं आहेत. त्यांची भाषा एक नाही, खूण एकच आहे. मुलीनं बेरीज ताडून पाहिली आणि मान हलवली, मुलानं हात वर केला. पंच पुन्हा यष्टींच्या मागे उभे राहिले.