चौथाईची अट आणि पानिपत
(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘पानिपतचा पराभव’ असा छापलेला आहे आणि तो मी टाळणार नाही. मात्र पानिपतवर बोलायला उभे राहिले की समोरची मंडळी थेट 14 जानेवारी 1761 च्या सकाळी जाऊन बसतात, आणि विश्वासराव हत्तीवर होते की घोड्यावर, मल्हारराव कोणत्या वाटेने निघाले, यातच तास संपतो. माझी ही जुनी तक्रार आहे. त्या मैदानापर्यंत मराठे गेले ते एका कराराने बांधले जाऊन, आणि त्या कराराचे मूळ चौथाईत आहे. म्हणून सुरुवात वसुलीपासून करू.

चौथाई ही शिवाजीमहाराजांनी नव्याने शोधून काढलेली गोष्ट नव्हे, आणि तिचा माग आपल्याच उत्तर कोकणात लागतो. दमणच्या आसपासच्या पोर्तुगीज गावांकडून रामनगरचा कोळी राजा उत्पन्नाचा चौथा हिस्सा घेत असे. त्याबदल्यात त्याने त्या गावांना उपद्रव द्यायचा नाही, असा तो व्यवहार होता. 1672 मध्ये महाराजांच्या फौजेने जव्हार आणि रामनगर घेतले, तेव्हा राज्याबरोबर तो हक्कही आपल्याकडे आला, असे महाराजांनी पोर्तुगीजांना सुनावले. तेव्हा चौथाई म्हणजे निव्वळ लूट, हे म्हणणे अपुरे आहे. तिच्या पोटात पहिल्यापासून एक अट होती. पैसे घेणाऱ्याने त्रास देऊ नये, ही त्या अटीची पहिली पायरी. इतरांचा त्रासही निवारावा, ही दुसरी. या दुसऱ्या पायरीपाशी मी आज तुम्हाला नेणार आहे.

1680 मध्ये महाराज गेले, 1689 मध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली, राजाराममहाराज जिंजीला गेले, आणि 1700 नंतर ताराबाईंनी लढा चालवला. या सत्तावीस वर्षांत मध्यवर्ती खजिना जवळजवळ उरलाच नाही. सरदारांनी स्वतःच्या बळावर पथके उभी केली आणि शत्रूच्या मुलखातून ती पोसली. 1707 मध्ये शाहूमहाराज सुटून आले, तेव्हा स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या या सरदारांना एका छत्राखाली कसे आणायचे, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर बाळाजी विश्वनाथांनी दिले. 1719 मध्ये दिल्लीहून त्यांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाईच्या बदल्यात शाहूंनी बादशहाच्या चाकरीसाठी 15,000 स्वार ठेवायचे होते, आणि सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखात बंदोबस्त राखायचा होता.

आता एका गावाचा हिशेब करून पाहू; सोपा जावा म्हणून आकडा माझ्या सोयीचा घेतो. गावाचा वसूल 400 रुपये धरा. त्याची चौथाई 100 रुपये आणि दशांश सरदेशमुखी 40 रुपये. सरदेशमुखी हे छत्रपतींचे वतन, म्हणून ते 40 थेट त्यांचे. चौथाईच्या 100 रुपयांपैकी 25 ‘बाबती’ म्हणून छत्रपतींच्या खजिन्यात जात. 6 रुपये ‘साहोत्रा’, तो पंत सचिवांचा. 3 रुपये ‘नाडगौडा’, तो छत्रपती मर्जीनुसार कोणालाही देत. उरलेले 66 रुपये ‘मोकासा’ म्हणून सरदाराला, आणि त्यातून त्याने फौज बाळगायची. म्हणजे एका गावाच्या चौथाईत तीन-चार जणांचे गुमास्ते येऊन बसणार, आणि मोगलांचा अंमलदार उरलेले मागायला वेगळा! गावच्या पाटलाची कल्पना करा. आपल्या गृहसंकुलाच्या एका सचिवाला तोंड देताना आपली काय अवस्था होते, हे ठाणेकरांना सांगायला नको.

या गुंतागुंतीत शहाणपण होते. वाटे मुद्दाम विखुरलेले होते, त्यामुळे कोणत्याही सरदाराला सलग मुलूख तोडून बसता येत नसे, आणि एकाची वसुली बुडाली की इतरांचीही बुडे. पण त्यात एक खोट होती. फौज आधी उभी करावी लागे, तीही सावकाराच्या कर्जावर, आणि वसुली नंतर येई. खुद्द पहिल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत आपल्या कर्जाची व्यथा मांडली आहे. जुने कर्ज फेडायला नवा मुलूख लागे, आणि नव्या मुलखाला नवी फौज. या चक्रातूनच शिंदे, होळकर आणि पवार माळव्यात, गायकवाड गुजरातेत आणि नागपूरकर भोसले थेट बंगालपर्यंत पोहोचले. 1751 मध्ये नवाब अलीवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी सालिना 12 लाख रुपये कबूल केले. कोणी कोठे वसूल करायचे यावरून घरातही रक्त सांडले. गुजरातच्या वादाचा शेवट 1731 मध्ये डभईला सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांच्या मृत्यूने झाला.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. पानिपत दहा मिनिटांत उरकायचे, हे आमचे प्राक्तन.

1752 मध्ये शिंदे-होळकर आणि मोगल बादशहाचा वजीर सफदरजंग यांच्यात करार झाला. बादशहाचे रक्षण मराठ्यांनी करायचे, घरच्या शत्रूंपासून आणि अफगाणांचा बादशहा अब्दाली याच्यापासूनही. मोबदला 50 लाख रुपये, शिवाय पंजाब, सिंध आणि गंगा-यमुनेमधल्या दुआबाची चौथाई. 1719 ची अट 15,000 स्वारांची होती, ही अट एका बादशहाशी लढण्याची होती. पैसा पुरता हाती आला नाही, जबाबदारी मात्र आली. 1758 मध्ये रघुनाथराव लाहोरला पोहोचले, पण तेथे टिकेल एवढी फौज ठेवण्याइतका पैसा नव्हता. दुसरीकडे थकबाकीच्या तगाद्याने जयपूरकर दुखावले होते आणि कुंभेरच्या वेढ्याने जाट. जानेवारी 1760 मध्ये दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना पडले. सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले, तेव्हा रजपूत तटस्थ राहिले आणि जाटांचा राजा सूरजमलही अखेर बाजूला झाला.

भाऊंची सारी मदार दुआबातील वसुलीवर होती आणि ती गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती. पैसा पाठवा, धान्य पाठवा, अशी भाऊंची पत्रे जात राहिली. दिल्लीत दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून सुमारे 9 लाख रुपये काढावे लागले, यावरून खजिन्याची स्थिती कळते. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्याने काही धान्य मिळाले, पण तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. दोन महिन्यांहून अधिक काळ दोन्ही छावण्या समोरासमोर होत्या. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, आणि दुआबातून रसद येण्याची आशाच संपली. 14 जानेवारीला भाऊ बाहेर पडले ते उपासमार असह्य झाली म्हणून. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी अब्दालीकडच्या रोहिल्यांची फळी मोडली होती. दुपारनंतर अब्दालीने राखीव फौज आणि जंबुरका, म्हणजे उंटांवरच्या हलक्या तोफा, पुढे घातल्या. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊही पडले, आणि उपाशी घोड्यांवरच्या स्वारांना सावरायला अवसर मिळाला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. उत्तरेत खंडणी देणाऱ्यांनी हात आखडले. पानिपतहून जिवंत परतलेले मल्हारराव त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मांगरोळजवळ जयपूरच्या माधोसिंहाच्या फौजेशी लढत होते आणि ती लढाई त्यांनी जिंकली. जयपूरकडची बाकी तेव्हाही वसूल व्हायचीच होती.