बाराशे अठराची चार पासबुकं

(दृश्य: लोखंडी पेटी. आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पासबुकं बाहेर येतात.)

ही चार पासबुकं एकाच माणसाची, एकाच खात्याची. सगळ्यात खालच्या पासबुकाची पानं पिवळी पडलीत आणि नोंदी कारकुनाच्या हातच्या, निळ्या शाईतल्या. वरचं पासबुक मशीनमधून छापून आलेलं. मधल्या वीस वर्षांत बँकेत संगणक आले, खातेक्रमांक लांबला. एक आकडा मात्र पहिल्या पासबुकातून चौथ्यापर्यंत जसाच्या तसा आला. 1,218.

(दृश्य: बोट एकेका नोंदीवरून खाली सरकतं.)

काका सोलापुरात फिटर होते. ऑक्टोबर 2004 मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि त्यांना ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली, महिना 1,218 रुपयांची पेन्शन सुरू झाली. हिशोब त्यांना तोंडपाठ आहे. ते खडूने फरशीवर लिहून दाखवतात.

(दृश्य: फरशी, खडू, काकांचा हात.)

"आमच्या वेळी धरायचे शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार. पगार जास्त असला तरी धरायचा साडेसहा हजारच, ती तेव्हाची वरची मर्यादा. गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर."

ही योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली, त्यामुळे काकांची त्यातली नोकरी भरली नऊ वर्षं. साडेसहा हजार गुणिले नऊ, भागिले सत्तर. उत्तर येतं 835 रुपये आणि वर काही पैसे. उरलेले 382 रुपये 1995 आधीच्या नोकरीचे. पंचाण्णव साली त्या जुन्या नोकरीची किंमत 170 रुपये ठरली होती. मग निवृत्तीला जितकी वर्षं बाकी, तितका मोठा गुणक तिला लावायचा. काकांसाठी तो 2.248 होता.

या गुणकांच्या तक्त्यावर जरा थांबू या. काकांच्या वेळी तो दरसाल साधारण दहा टक्क्यांनी वाढत जायचा. म्हणजे पैशाची किंमत घसरते, हे तक्ता करणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी ते मोजलं. पेन्शनचा पहिला हप्ता जमा झाला आणि मोजणं तिथंच थांबलं.

(दृश्य: सकाळची मंडई. वजनकाटा, तूरडाळीचं पोतं, वहीत दर लिहिणारा माणूस.)

आता मंडईत. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचं श्रम ब्युरो काढतं. देशभरातल्या ठरावीक केंद्रांतून त्यासाठी दर गोळा होतात, आणि सोलापूर हे त्यातलं एक केंद्र. म्हणजे काका डाळ घेतात त्या शहराचे भावही त्या आकड्यात शिरतात. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता आणि सरकारी निवृत्ताची महागाई सवलत याच निर्देशांकावरून वर्षातून दोनदा ठरते. काकांच्या पेन्शनला हा आकडा शिवत नाही.

1982 सालचे भाव 100 धरले, तर ऑक्टोबर 2004 मध्ये निर्देशांक होता 526. पुढे आधारवर्ष दोनदा बदललं. नवी मालिका जुनीला जोडून घेतली, तर ऑक्टोबर 2024 चा आकडा येतो सुमारे 1,927. म्हणजे भाव साडेतीन पटींहून वर. वर्षाला सरासरी पडते साडेसहा-पावणेसात टक्के. एखाद्या वर्षाच्या बातमीत हा आकडा कुणाच्या डोळ्यात खुपणारही नाही.

(दृश्य: फरशीवर दर पाच वर्षांसाठी एक खडूची रेघ, प्रत्येक रेघेवर काका नाणी मांडतात.)

2004 च्या भावात मोजून या 1,218 रुपयांचं काय झालं, ते काकांनी नाण्यांनी मांडलंय. 2009 ला त्यांची किंमत राहिली 839 रुपये. 2014 ला 547. 2019 ला 426. आणि 2024 ला 333.

दोन ढिगांमधलं अंतर बघा. पहिल्या दहा वर्षांत 671 रुपये गेले, पुढच्या दहांत 214. आम्हाला वाटलं होतं, पेन्शन सुरुवातीला हळूहळू झिजत असेल आणि म्हातारपणी एकदम कोसळत असेल. नाणी उलटं सांगतात. नऊ वर्षं व्हायच्या आतच, 2013 च्या उन्हाळ्यात, ती निम्मी झाली होती. काका तेव्हा सदुसष्टीच्या आत होते आणि बदली फिटर म्हणून कामाला जात होते, म्हणून घरात ते फारसं जाणवलं नाही. जाणवलं ते काम सुटल्यावर.

हा निर्देशांक कामगार कुटुंबाच्या खर्चावर बेतलेला आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या खर्चात औषधांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा असतो. तेव्हा 333 हा आकडासुद्धा जरा हात सैल सोडूनच काढलेला म्हणा.

(दृश्य: कातरून ठेवलेली जुनी वर्तमानपत्रं, 2014.)

सप्टेंबर 2014 मध्ये किमान पेन्शन हजार रुपये झाली. गल्लीत पेढे वाटले गेले, काकांनीही खाल्ले. त्यांना मिळालं काहीच नाही, कारण त्यांचे 1,218 हजाराच्या वरच होते. ज्यांना हजार मिळाले, त्यांच्या त्या हजाराची किंमत दहा वर्षांत 2014 च्या भावाने सहाशेच्या आसपास आली. वाढ दिली, पण ती भावाशी बांधली नाही, तर दुसऱ्याच दिवसापासून झीज नव्याने सुरू होते. बुलढाण्यात 2018 च्या डिसेंबरपासून याच पेन्शनरांचं साखळी उपोषण सुरू झालं. मागणी साडेसात हजार आणि महागाई भत्ता अशी होती. बातम्यांत साडेसात हजार ठळक छापले जातात, 'आणि महागाई भत्ता' हे शब्द खाली बारीक अक्षरांत. नुसते साडेसात हजार मिळाले आणि भाव याच चालीने चढले, तर दहा-अकरा वर्षांत त्यांचीही किंमत निम्मी.

(दृश्य: रिकाम्या कारखान्याचं फाटक, गंजलेलं टाइमकीपरचं घड्याळ.)

भत्ता का नाही, याचं उत्तर पैसा कुठून येतो त्यात आहे. पगाराच्या 8.33 टक्के मालकाच्या वाट्यातून आणि 1.16 टक्के केंद्र सरकारकडून जमा होतात. तेही मर्यादेपर्यंतच्या पगारावर. काकांच्या वेळच्या साडेसहा हजारांवर मालकाचे व्हायचे महिन्याला 541 रुपये. सुरुवातीच्या वर्षांत निधीचं मूल्यांकन करून पेन्शनमध्ये थोडी थोडी वाढ दिलीही गेली. मग मूल्यांकनात तूट दिसू लागली आणि वाढ थांबली. काका निवृत्त झाले ते त्यानंतर.

(दृश्य: एसटी स्टँड. काका आधार कार्ड दाखवून गाडीत चढतात.)

पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, म्हणून काका औषधं आणायला दूरच्या स्वस्त दुकानात जातात. रक्तदाबाची गोळी रोजच्याऐवजी दिवसाआड घेतात. त्यांच्यामागे काकूंना निम्मे, म्हणजे 609 मिळतील. किमान पेन्शनच्या नियमाने त्याचे हजार होतील.

(दृश्य: नोव्हेंबर. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा.)

दरवर्षीप्रमाणे अंगठा उमटत नाही. फिटरचा अंगठा, चाळीस वर्षं कानस चालवून गुळगुळीत झालेला. चौथ्यांदा यंत्र हिरवं होतं.

"झालं," काका म्हणतात, "अजून एक वर्ष जिवंत."

(दृश्य: बँक. पासबुक मशीनमध्ये जातं. छपाईचा आवाज. पान बाहेर येतं: 1,218.)